सांत्वनाच्या संदेशांना उत्तर : थोडक्यात, शोभेल असे आणि प्रत्येकाला वेगळे कसे लिहावे?

मृदगंधा | ८ जून, रात्री १०.२०

गेल्या महिन्यात माझे वडील गेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. वय ८१ होते. गिरगावातल्या एका छापखान्यात ते अनेक वर्षे अक्षरांचे खिळे जुळवणारे जुळारी होते आणि पुढे खिळे जाऊन ऑफसेट आले तेव्हा तिथेच मुद्रितशोधन करू लागले. तेरावा होऊन आता आठ दिवस झाले आहेत. आलेल्या संदेशांची मी एका वहीत नोंद केली आहे. प्रत्यक्ष भेटून गेलेल्यांना सोडून एकूण १६८ नोंदी झाल्या. त्यांतल्या ९७ निरनिराळ्या गटांवरच्या आहेत, ४० जणांनी स्वतंत्रपणे एक-दोन ओळींचा संदेश पाठवला आहे, आणि ३१ जणांनी अण्णांविषयी काहीतरी नेमके लिहिले आहे किंवा आमच्यासाठी काहीतरी नेमके केले आहे.

माझ्या हातून एक चूक होऊन बसली आहे, म्हणून हा धागा काढते आहे. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दादाने आभाराचा एक मजकूर लिहून मला पाठवला आणि मी तो व्हॉट्सॲपवर एकामागून एक पुढे पाठवत गेले. चाळीसेक जणांना पाठवून झाल्यावर आत्याचा फोन आला. तिला मिळालेल्या संदेशाच्या डोक्यावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण होती. ती एवढेच म्हणाली, “अगं, अण्णाच्या बहिणीलासुद्धा कुणाचं तरी आलेलंच पुढे ढकललंस का?” मला काही उत्तर देता आले नाही. मी तिथेच थांबले.

आता प्रत्येकाला वेगळे लिहायचे ठरवले आहे, पण लिहायला बसले की तिसऱ्या पत्रापासून तीच वाक्ये पुन्हा येतात. शिवाय ज्यांना तो मजकूर आधीच गेला आहे, त्यांना पुन्हा लिहिणे बरे दिसेल का, हेही कळत नाही. ज्यांनी असे लिहिले आहे त्यांनी कृपया सांगावे.

निखिल_ठाणे | ८ जून, रात्री १०.४५

ताई, वाचून फार वाईट वाटले. आमच्या कार्यालयात आम्ही नेहमी पुढील मजकूर पाठवतो आणि तो सर्वांना आवडतो : “आपल्या दुःखात आम्ही सर्व सहभागी आहोत. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो आणि आपणास हे दुःख सहन करण्याचे बळ देवो.” नाव बदलून तो कोणालाही पाठवता येतो.

मृदगंधा | ८ जून, रात्री १०.५८

निखिल, आपल्या भावनेचा आदर आहे. मात्र आपण दिलेला मजकूर सांत्वन करणाऱ्याने लिहायचा आहे आणि मला सांत्वन करून गेलेल्यांना उत्तर द्यायचे आहे. (हा मजकूर मला या महिन्यात अकरा वेळा आलेला आहे. आपल्याला दुखवण्यासाठी सांगत नाही.)

तर्कटकर | ९ जून, सकाळी ८.१०

माझे मत कदाचित रुचणार नाही. सांत्वनाबद्दल आभार मानणे ही आपली पद्धतच नाही, ती साहेबाकडून आली. मर्तिकाच्या घरून निघताना आपण “येतो” म्हणत नाही आणि घरचेही “या” म्हणत नाहीत. माणूस मुकाट्याने उठून जातो. जिथे निरोपाचा शब्दही उच्चारत नाहीत, तिथे “धन्यवाद” कुठून आला? लोक आले ते कर्तव्य म्हणून आले आणि उद्या त्यांच्याकडे प्रसंग आला तर तुम्ही जाल, की फिटले. म्हणून माझा सल्ला असा की कोणालाच काही लिहू नये, म्हणजे एकसारखे लिहिण्याचा प्रश्नच उरत नाही.

शिवाजीपार्ककर | ९ जून, दुपारी १२.३५

मृदगंधाताई, मी एका मराठी दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या विभागात २२ वर्षे काढली. निधनाच्या, पुण्यस्मरणाच्या आणि ऋणनिर्देशाच्या जाहिराती खिडकीवर घेणे आणि लोकांना मजकूर लिहून देणे हे माझे काम होते. दुःखाच्या दिवसांत माणसे काय लिहितात आणि काय लिहायचे राहून जाते, हे जवळून पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तर्कटकरांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. जवळच्या माणसाला तोंडावर “धन्यवाद” म्हणणे आपल्याकडे त्याला परके करण्यासारखे आहे. मामाने खांदा दिला आणि आपण त्याला “मी आपली आभारी आहे” असे लिहिले तर त्याला आनंद होणार नाही, उलट टोचेल. परंतु उत्तरच द्यायचे नाही, ही आपली रीत कधीच नव्हती. जुन्या पत्रांत पहिली ओळ “आपले पत्र पावले, मजकूर समजला” अशी असे. त्या ओळीत आभार नाहीत, पण पोच आहे, आणि सांत्वन करणाऱ्याला बहुतेक वेळा एवढेच हवे असते की आपले शब्द त्या घरात पोहोचले आणि कोणीतरी ते वाचले. वर्तमानपत्रातले ऋणनिर्देश ही त्याच पोचेची सार्वजनिक आवृत्ती होती. “ज्यांनी समक्ष भेटून, पत्राने वा दूरध्वनीवरून आमचे सांत्वन केले त्या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत, प्रत्येकास स्वतंत्र लिहिणे शक्य नसल्याने क्षमस्व” असा तो साचा होता. साचा सार्वजनिक ठिकाणी चालतो, कारण तो सर्वांना उद्देशून आहे हे तो स्वतःच सांगतो. तोच मजकूर एकेकाच्या हातात ठेवला की खटकतो. आत्याबाईंचे तेच झाले.

आता तुमची तिसऱ्या पत्राची अडचण. पत्रे एकसारखी होतात कारण आपण आपल्या दुःखापासून सुरुवात करतो आणि आपले दुःख सर्व पत्रांत एकच असते. सुरुवात समोरच्याने जे लिहिले किंवा केले तिथून केली, तर दोन पत्रे सारखी करायची म्हटली तरी होणार नाहीत. त्यामुळे लिहिण्यापूर्वी वहीत प्रत्येक नावासमोर चार-पाच शब्दांची नोंद करावी : याने काय सांगितले, काय केले. “फार आधार दिला” अशी नोंद उपयोगाची नाही. “मृत्यूचा दाखला काढायला दोन खेपा घातल्या” ही उपयोगाची. ज्याच्या नावासमोर असे काही लिहिता येत नाही, त्याला लांब पत्र लिहूच नये. मुद्दाम जिव्हाळा आणला की तो दिसतो.

यावरून तुमच्या तीन गटांचे तीन मार्ग आपोआप ठरतात. गटांवरच्या ९७ जणांना एकेकट्याने उत्तर देण्याची गरज नाही. प्रत्येक गटावर एकदाच लिहावे, परंतु तो मजकूर त्या गटापुरता असावा. सोसायटीच्या गटावर अण्णा जिन्यात भेटत तसे येऊ द्यात, कार्यालयाच्या गटावर तुमच्या रजेच्या दिवसांत काम सांभाळले त्याचा उल्लेख असू द्यात. चाळीस जणांना नावानिशी दोन ओळी पुरेत. उरलेल्या ३१ जणांना खरे पत्र, तेही तीन-चार वाक्यांचे. एका दिवसात पाचाहून अधिक लिहू नका. सहाव्या पत्रात हात आपोआप आधीची वाक्ये उचलतो. मी खिडकीवर बसूनही ते टाळू शकलो नाही.

आधीचा मजकूर गेलेल्यांना पुन्हा लिहायला काहीही हरकत नाही. फक्त नव्या पत्रात जुन्याची सफाई देत बसू नये. त्याला अपवाद आत्याबाईंचा, त्यांच्याविषयी शेवटी लिहीन.

चाळकरी | ९ जून, दुपारी १.५०

व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी करून पाठवले तर फॉरवर्डची खूण येत नाही आणि प्रत्येकाला तो संदेश स्वतंत्र आल्यासारखा दिसतो. एका यादीत २५६ जण बसतात.

शिवाजीपार्ककर | ९ जून, दुपारी २.१५

चाळकरी, खूण येत नाही हे खरे. पण ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला नाही, त्यांना ब्रॉडकास्ट पोहोचतच नाही, आणि पाठवणाऱ्याला मात्र सगळ्यांना गेल्यासारखे वाटते. अण्णांच्या वयाच्या स्नेह्यांकडे मुलीचा क्रमांक जतन असण्याची शक्यता कमीच. म्हणजे ज्यांना पोच मिळायला हवी नेमके तेच वगळले जातील. शिवाय दोन चुलत बहिणी एकमेकींना फोन दाखवतातच.

सुलभा_मुलुंड | ९ जून, रात्री ९.०५

माझा प्रसंग थोडा वेगळा आहे, पण सांगावासा वाटतो. माझे यजमान एप्रिल २०२१ मध्ये करोनाने गेले. घरी कोणी येऊ शकले नाही आणि आम्हीही स्मशानात जाऊ शकलो नाही. जे काही आले ते फोनच्या पडद्यावरच आले. मी त्या वेळी एकालाही उत्तर दिले नाही, कारण वाचायचीच ताकद नव्हती. वर्षश्राद्धाच्या आधी मी ते सारे संदेश पहिल्यांदा नीट वाचले आणि त्यांतल्या चौदा जणांना पत्रे लिहिली. उशिराबद्दल काय लिहावे यावर मी आठवडाभर अडले होते. शेवटी एवढेच लिहिले की “तुमचा संदेश मी आत्ता वाचू शकले.” कोणीही उशिराविषयी विचारले नाही. एका गृहस्थांना मात्र मी लिहिले आणि त्यांच्या सूनबाईंचा फोन आला की तेही मधल्या काळात गेले. तेव्हा वृद्धांना आधी लिहावे, एवढे मी अनुभवाने सांगेन.

मृदगंधा | १० जून, रात्री ११.३०

सुलभाताई, आपले वाचून मी वहीचा क्रम बदलला. वयाने मोठी माणसे आता वर आली आहेत.

शिवाजीपार्ककर काका, आज पहिली तीन पत्रे लिहिली, ती इथे देते. नावे गाळली आहेत. कृपया निःसंकोच सुधारावीत.

पहिले पत्र अण्णांच्या छापखान्यातल्या एका सहकाऱ्यांना. त्यांना आता दिसत नाही म्हणून ते नातवाकडून लिहून घेतात. त्यांनी पोस्टकार्ड पाठवले होते. त्यात त्यांनी लिहिले होते की नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातून जुळवलेले अख्खे पान सांडले, तेव्हा अण्णा रात्री साडेनऊपर्यंत त्यांच्याबरोबर बसून खिळे परत खणांत लावत होते आणि मालकांना कधीच कळू दिले नाही. माझे उत्तर असे : “आपल्या सांत्वनपर पत्राबद्दल आम्ही सर्व कुटुंबीय आपले मनःपूर्वक आभार व्यक्त करतो. अण्णांच्या जाण्याने आमच्या आयुष्यात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. आपल्यासारख्या स्नेह्यांच्या आधारामुळेच आम्ही सावरत आहोत. सांडलेल्या खिळ्यांची आठवण वाचून खूप बरे वाटले. असाच लोभ असावा.”

दुसरे शेजारच्या मुलाला, जो नऊ रात्री रुग्णालयात अण्णांपाशी बसला : “तू जे केलेस त्याची परतफेड आम्ही सात जन्मांतही करू शकणार नाही. तुझे उपकार आम्ही कधीही विसरणार नाही.”

तिसरे माझ्या कार्यालयातल्या वरिष्ठांना : “आपल्या शोकसंदेशाबद्दल आणि श्रद्धांजलीबद्दल धन्यवाद.”

शिवाजीपार्ककर | ११ जून, सकाळी ११.१०

पहिल्या पत्रात पाच वाक्ये आहेत. त्यांतली चार कोणालाही पाठवता येतील आणि एकच त्या गृहस्थांचे आहे, तेही चौथ्या क्रमांकावर आणि “खूप बरे वाटले” एवढ्यावर आटोपलेले. पत्रावरचे नाव झाकून वाचून पाहा. ते दुसऱ्या कोणाच्या हाती पडले तर त्याला आपलेच वाटेल का, हे लगेच कळते. “पोकळी” हा शब्द तर मी नोकरीच्या काळात इतक्या वेळा कंपोझला पाठवला आहे की तो वाचताना आता काहीच होत नाही. “लोभ असावा” हे एरवी चांगले, परंतु इथे ते मागणे होते. त्या म्हाताऱ्या माणसाकडे आपण या पत्रात काहीही मागू नये. आणि एक भाषेची बारीक गोष्ट : आभार मानतात, व्यक्त करत नाहीत. भावना व्यक्त करतात.

तुमचीच सामग्री घेऊन मी असे लिहीन :

“तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार. तुमचे पत्र पावले. सांडलेल्या पानाची गोष्ट आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हती. अण्णांनी ती मालकांपासून लपवली तशीच आमच्यापासूनही लपवली. पत्र मी आईला दोनदा वाचून दाखवले.”

शेवटचे वाक्य मी अंदाजाने लिहिले आहे. तसे झाले नसेल तर काढून टाका आणि त्या पत्राचे तुमच्या घरात खरोखर जे झाले ते लिहा. “आभार” हा शब्द आलेला नाही, हे लक्षात आले असेल. मायना ‘तीर्थस्वरूप’ असा केला आहे, कारण ‘तीर्थरूप’ वडिलांना आणि घरच्या वडीलधाऱ्यांना लिहितात. हा फरक त्या पिढीच्या माणसाला ऐकतानाही कळेल. नातू वाचून दाखवणार आहे, तेव्हा वाक्ये मोठ्याने वाचता येतील एवढीच ठेवा.

दुसऱ्या पत्रातली अडचण उलट आहे. सात जन्म, उपकार, परतफेड हे शब्द त्या मुलाला जिन्यात तुमच्यासमोरून मान खाली घालून जायला लावतील. मोठे ऋण मोठ्या शब्दांत सांगितले की घेणाऱ्याला अवघडते. त्या नऊ रात्रींमुळे तुमच्या घरी प्रत्यक्ष काय शक्य झाले, तेवढेच सांगा. तुम्ही झोपू शकलात का? आई घरी एकटी नव्हती, असे झाले का? आणि अण्णा त्याच्याविषयी काही बोलले असतील तर ते त्याला अवश्य कळवा, कारण ते त्याला दुसऱ्या कोणाकडून कळणार नाही.

तिसरे पत्र लहान आहे ते योग्यच आहे. फक्त एक सांगतो : श्रद्धांजली गेलेल्या माणसाला असते आणि सांत्वन मागे राहिलेल्यांचे असते. म्हणून “श्रद्धांजलीबद्दल धन्यवाद” हे कानाला चुकीचे लागते. “आपला संदेश मिळाला. माझ्या रजेच्या काळात माझे काम आपण वाटून दिलेत, त्यामुळे मला घरी निश्चिंत राहता आले. मी आपली आभारी आहे.” इथे ‘आभारी’ शोभते, कारण नाते कामाचे आहे आणि ‘आपण’ म्हणण्याइतके अंतर आहे. तसे काही घडलेच नसेल, तर “आपला संदेश मिळाला, आभारी आहे” एवढेही पुरे.

तर्कटकर | ११ जून, दुपारी ४.२५

मी माझे मत थोडे मागे घेतो. पोच आणि आभार यांतला फरक मला पटला. परंतु टपालाने पाठवण्याविषयी माझी हरकत आहे. मर्तिकाशी संबंधित पत्र घरात ठेवत नाहीत. आमच्याकडे असे पत्र आले की वाचून लगेच फाडून टाकत आणि आंघोळ करत. त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी तुमचे पत्र फाडले गेले तर काय उपयोग?

शिवाजीपार्ककर | ११ जून, सायंकाळी ६.००

फाडत ते निधनाचे वृत्त कळवणारे पत्र. त्याच्या माथ्यावर ‘श्री’ नसे आणि त्यावरूनच वाचणाऱ्याला आधी कळे. सांत्वनाची पत्रे तर पुष्कळ घरांत वर्षानुवर्षे जपलेली मी पाहिली आहेत. आमच्या घरी तेराव्यानंतरच्या पत्रावर ‘श्री’ लिहीत असत, म्हणजे पत्र उघडताच म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धस्स होत नसे. पन्नास पैशांचे पोस्टकार्ड पोस्टमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांना वाचता येते. म्हणून पाच रुपयांचे पाकीट बरे.

तर्कटकर | ११ जून, सायंकाळी ६.२०

आमच्याकडे वर्ष होईपर्यंत कोणत्याच पत्रावर ‘श्री’ घालत नाहीत. यावर मी ठाम आहे.

शिवाजीपार्ककर | ११ जून, सायंकाळी ६.३२

आपल्या घरची रीत आपण पाळावी. मृदगंधाताईंनी मातोश्रींना विचारून ठरवावे.

पाचूबंदर | १२ जून, सकाळी ७.४५

आम्ही वसईचे ख्रिस्ती, आता बोरिवलीला राहतो. आमच्याकडे महिन्याच्या मिस्सेला सर्व जण जमतात, त्यामुळे त्यानंतर समोरासमोर बोलूनच बरेचसे होऊन जाते. पपा गेले तेव्हा एक अडचण आली ती विचारतो. काहींनी सांत्वनाबरोबर पैसेही पाठवले होते. आभारात रकमेचा उल्लेख करावा का?

शिवाजीपार्ककर | १२ जून, सकाळी १०.२०

रक्कम लिहू नये. पैसे मिळाले हे मात्र नक्की कळवावे, नाहीतर पाठवणारा महिनाभर बँकेचे खाते तपासत राहतो. “आपण पाठवलेले पोहोचले” एवढे लिहावे, आणि ते कशासाठी वापरले हे सांगण्यासारखे असेल तर तेही एका वाक्यात लिहावे.

चाळकरी | १२ जून, दुपारी १.१५

माझा प्रश्न कोणाला फालतू वाटेल, पण आमच्याकडे दोन महिन्यांपासून पडून आहे. आई गेली तेव्हा पहिल्या दिवशी चाळीतल्या पाच घरांतून पिठलंभात आला. ते डबे अजून आमच्या फळीवर आहेत. एरवी डबा रिकामा परत करत नाहीत. पण मर्तिकाच्या घरून भरलेला डबा पाठवला तर समोरच्याला ते आवडेल का? आणि रिकामा दिला तर कसेसेच वाटते. म्हणून दिलेच नाहीत, आणि आता जिन्यात त्या काकूंशी नजर मिळवायला नको वाटते.

सुलभा_मुलुंड | १२ जून, दुपारी २.००

घासून रिकामेच द्यावेत, असे आमच्याकडे आहे. पण दोन महिने झाले आहेत, म्हणजे आता साखर घालून दिले तरी चालेल असे वाटते.

तर्कटकर | १२ जून, दुपारी २.१८

साखर मुळीच नको.

मृदगंधा | १५ जून, रात्री ९.४०

चार दिवसांत ३१ पैकी एकोणीस पत्रे झाली. दिवसाला पाच म्हणजे नक्की किती, हे लिहायला बसल्यावर कळले. पाचवे लिहून होईपर्यंत खरोखरच शब्द एकमेकांसारखे होऊ लागतात. आज चारच झाली.

छापखान्यातल्या काकांचे पत्र आईने मला लिहू दिले नाही. तिचा हात थरथरतो, म्हणून ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले, खाली सही मात्र तिने केली. शिवाजीपार्ककर काकांनी दिलेले दुसरे आणि तिसरे वाक्य तिने तसेच ठेवले. शेवटचे बदलून तिने असे सांगितले : “तुमचे पत्र यांच्या चष्म्याच्या घरात ठेवले आहे.” माथ्यावर तिने ‘श्री’ लिहायला सांगितले. तर्कटकरांचे मत मी तिला वाचून दाखवले होते.

शेजारच्या मुलाला शेवटी असे लिहिले : “त्या नऊ रात्री मी घरी आईजवळ राहू शकले, ते तू तिथे होतास म्हणून. अण्णा तुला शेवटपर्यंत ‘मुख्य मुद्रितशोधक’ म्हणत होते, कारण औषधांच्या चिठ्ठीतली एक चूक तू पकडलीस, हे त्यांनी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितले.” पत्र त्याच्या दाराच्या फटीतून आत सरकवले. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटला तेव्हा त्याने गॅसच्या सिलिंडरविषयी विचारले आणि ते वर आणून दिले. पत्राचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

दोन ठिकाणी मी अडले आहे. अण्णांचे एक जुने मित्र आहेत, ते आले नाहीत, त्यांचा फोन नाही आणि संदेशही नाही. आई म्हणते, त्यांना आपणच लिहावे, कदाचित त्यांना कळलेच नसेल. दादा म्हणतो, कळले असूनही ते आले नसतील तर आपले पत्र टोमण्यासारखे वाटेल. दुसरे, आत्याविषयी आपण लिहिणार होतात ते राहून गेले.

शिवाजीपार्ककर | १५ जून, रात्री १०.३०

क्षमा असावी, खरेच राहिले. आत्याबाईंना काहीही लिहू नये. त्या अण्णांच्या सख्ख्या बहीण आहेत, म्हणजे हे दुःख जितके तुमचे तितकेच त्यांचेही आहे. त्यांनी तुमचे सांत्वन केले असे म्हणताच येत नाही, मग त्याबद्दल आभार कसले मानणार? मजकूर एकच होता ही चूक दुय्यम होती. तो त्यांना पाठवला गेला, हीच खरी चूक. तुम्ही जाऊन बसा.

मित्रांविषयी मला मातोश्रींचे म्हणणे पटते, पण त्या पत्रात आभाराचा सूर चुकूनही येता कामा नये. ते वृत्त कळवणारे पत्र होईल. दादांची शंकाही मी खोटी म्हणू शकत नाही. असे एक पत्र मी स्वतः १९९४ मध्ये पाठवले होते आणि त्याचे उत्तर आले नाही.

मृदगंधा | १८ जून, सकाळी ९.१५

रविवारी आत्याकडे पार्ल्याला गेले होते. त्या संदेशाचा विषय तिने काढला नाही. छापखान्यातल्या काकांचे पोस्टकार्ड आले आहे असे मी सांगितले, तर तिला ते लगेच वाचून हवे होते आणि मी ते बरोबर नेले नव्हते. पुढच्या रविवारी घेऊन जायचे आहे. जुन्या मित्रांचे पत्र आईने लिहवून घेतले आहे, ते अजून दादाच्या खिशात आहे.

चाळकरी, डब्यांचे मी आईला विचारले. ती म्हणाली की डबे रिकामेच द्यावेत, पण मुलाच्या हाती पाठवू नयेत, स्वतः जाऊन द्यावेत. साखरेचे तिलाही नक्की सांगता आले नाही.